पौर्णिमा बहुमताने

आमच्या सोसायटीत अठ्ठेचाळीस फ्लॅट आहेत, दोन विंग आहेत, एक गच्ची आहे आणि त्या गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते. पूर्वी कोजागरी ठरवायला एवढी सामग्री पुरत असे. वॉचमन एक दोनशे पानी वही घेऊन दारोदार फिरायचा. वहीच्या डाव्या बाजूला फ्लॅट नंबर, मग 'किती जण', मग 'वर्गणी', मग सही. दार उघडणारा माणूस समोरच्या वहीत वरच्या घराने किती दिले ते आधी वाचायचा, मग तेवढेच द्यायचा. दोन संध्याकाळी गेल्या की हिशेब तयार. त्या वहीत एकच दोष होता. ती जुनी पद्धत होती.

यंदा नवी कमिटी आली. सेक्रेटरी एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर आहेत, खजिनदार नुकतेच बँकेतून निवृत्त झालेत, आणि सांस्कृतिक विभाग ज्यांच्याकडे आहे त्या बी-२०४च्या ताई उत्साहमूर्ती आहेत. तिघांनी पहिल्याच बैठकीत ठरवलं की यंदा वही नाही, सगळं व्हॉट्सॲपवर. सेक्रेटरी पोल घेणार, खजिनदार ब्रॉडकास्ट लिस्टवरून वर्गणी मागणार आणि ताई स्टेटसवरून वातावरणनिर्मिती करणार. तिघांनी तीन खाती वाटून घेतली, इतकी की एकाने काय कळवलं ते दुसऱ्याला कळायला तिसऱ्याचं स्टेटस बघावं लागे.

पहिला पोल तारखेचा. कोजागरी आली होती सोमवारी. सोमवारी रात्री दूध पिऊन मंगळवारी सकाळी आठच्या कॅबला उभं राहायचं, ही कल्पना नोकरदार मंडळींना सहन होईना. म्हणून सेक्रेटरींनी पर्याय दिले: आधीचा शनिवार, सोमवार, नंतरचा शनिवार. म्हणजे पौर्णिमा कधी आहे हे आता पंचांग न बघता सभासदांनी ठरवायचं.

पोल तयार करताना खाली 'Allow multiple answers' असं एक बटण असतं, आणि ते आधीपासून चालूच असतं. ते बंद करायचं असतं हे ज्याला ठाऊक असतं तो सहसा पोल टाकत नाही. सेक्रेटरींनी पोल टाकला, लोक तुटून पडले. आमच्या ग्रुपमध्ये त्र्याऐंशी नंबर आहेत. रात्रीपर्यंत सत्तावन्न जणांनी मतदान केलं होतं आणि मतं पडली होती एकशे एक. आधीचा शनिवार अडतीस, सोमवार एक्केचाळीस, नंतरचा शनिवार बावीस. बऱ्याच सज्जनांनी तिन्ही दिवस निवडले होते. त्यांना कोणालाही दुखवायचं नव्हतं. ए-१०१च्या काकांना विचारलं तर म्हणाले, "मी घरीच असतो हो. तिन्ही दिवस मोकळा आहे, म्हणून तिन्हीवर दाबलं." उत्तर बिनचूक होतं. त्यांना 'कधी मोकळे आहात' असा प्रश्न दिसला होता आणि सेक्रेटरींनी 'कधी करायचं' असा विचारला होता. खरं तर कोण कधी मोकळा आहे हे बघायचं असेल तर एकाहून जास्त उत्तरांची मुभा हवीच, आणि एकच निर्णय घ्यायचा असेल तर ती नको. आमच्याकडे प्रश्न एका जातीचा आणि बटण दुसऱ्या जातीचं, असा आंतरजातीय विवाह झाला होता.

एकदा गेलेला पोल सुधारता येईना. म्हणून सेक्रेटरींनी बटण बंद करून दुसरा पोल टाकला आणि पहिला तसाच ठेवला. पहिला 'डिलीट फॉर एव्हरीवन' करायला हवा होता, पण त्यांना वाटलं, असू दे, रेकॉर्ड राहील. पुढचे दोन दिवस निम्मी सोसायटी खालच्या पोलवर आणि निम्मी वरच्या पोलवर मतदान करत राहिली. एक आजी रोज सकाळी आठवणीने दोन्हीकडे मत देऊन मग देवपूजेला बसत.

बरं, हे मतदान गुप्त नाही. 'View votes' वर बोट ठेवलं की कोणी काय दाबलं याची नावानिशी यादी समोर येते. हे कळलं आणि सोसायटीत खरी लोकशाही सुरू झाली. चेअरमन सोमवारच्या बाजूला आहेत असं दिसताच शनिवारचे पाच-सहा जण शांतपणे सोमवारवर सरकले. मत कितीही वेळा बदलता येतं आणि बदललं याचा कुठे बोभाटा होत नाही, त्यामुळे रात्री झोपताना जिंकलेला शनिवार सकाळी चहाच्या वेळी मागे पडलेला असे. ए-४०४मध्ये नवऱ्याने शनिवार आणि बायकोने सोमवार दाबला होता. ही बातमी ४०४मधल्या दोघांना सोडून सगळ्यांना आधी कळली. "तुमच्या घरात मतभेद आहेत वाटतं?" असं लिफ्टमध्ये कोणीतरी विचारल्यावर त्यांनाही कळली.

शेवटी दुसऱ्या पोलचा आकडा स्थिरावला: आधीचा शनिवार छत्तीस, सोमवार एकतीस, नंतरचा शनिवार चार. नंतरचा शनिवार पडला ते एका परीने बरंच झालं. पौर्णिमेनंतर चंद्र रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवतो. पाच दिवसांनी म्हणजे तो रात्री साडेनऊच्या पुढेच वर येणार, आणि आमच्या गच्चीवरून पूर्वेला बघायचं तर मध्ये बी-विंगची पाण्याची टाकी. म्हणजे चंद्रदर्शनाला साडेदहा. आधीच्या शनिवारी निदान बऱ्यापैकी गोल चंद्र संध्याकाळीच डोक्याकडे चढलेला असता. हे सगळं बी-३०२च्या सरांनी ग्रुपवर लिहिलं. सर शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांच्या या मेसेजला अकरा अंगठे आले, आणि अंगठा दाखवणाऱ्यांपैकी दोघांची मतं त्यानंतरही नंतरच्या शनिवारवरच होती.

सेक्रेटरी शनिवार जाहीर करणार, एवढ्यात सरांनी एक कागद काढला. 'View votes' उघडून त्यांनी प्रत्येक नावापुढे फ्लॅट नंबर लिहिला होता. आणि त्या कागदावर निकाल उलटा होता. घरं मोजली तर सोमवारवर वीस घरं, आधीच्या शनिवारवर सतरा, नंतरच्यावर दोन आणि तीन घरं फुटलेली. झालं होतं असं की पोल माणसं मोजत नाही आणि घरंही मोजत नाही. पोल नंबर मोजतो. ज्या घरात आई, बाबा, मुलगा, सून अशी चौघं ग्रुपमध्ये आहेत त्या घराची चार मतं. ज्या घरात एकटे आजोबा आहेत त्या घराचं एक. शिवाय शनिवारच्या छत्तिसांत एक मत जर्मनीहून आलं होतं. बी-५०१चे मालक तिथे राहतात, पण फ्लॅट त्यांच्या नावावर म्हणून ग्रुपमध्ये ते आहेत. त्या फ्लॅटमध्ये प्रत्यक्ष राहणारे, प्रत्यक्ष दूध पिणारे, दोन पोरं आणि एक आजी असलेले भाडेकरू मात्र ग्रुपमध्ये नाहीत, कारण भाडेकरूंना घ्यायचं की नाही याचा ठराव गेल्या सर्वसाधारण सभेत तहकूब झाला. म्हणजे जो येणार नाही त्याला मत आणि जे येणार त्यांना खबरही नाही.

"मालकांनी मत का दिलं?" असं ग्रुपवर विचारल्यावर जर्मनीहून उत्तर आलं, "शनिवारी मलाही सुट्टी असते. व्हिडिओ कॉलवर येईन."

कोजागरी सोमवारीच ठरली. चेअरमननी ठरवली. एवढं मतदान झाल्यावर अखेर चेअरमनने ठरवावं याचं मला नवल वाटलं नाही. पोल घेतल्याने निदान त्यांना भांडणाची दिशा आधी कळली होती.

खाण्याच्या पोलची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती ऐकण्यासारखी नाही. पोलमध्ये जास्तीत जास्त बारा पर्याय देता येतात. सेक्रेटरींनी बाराच्या बारा दिले. भेळ, मिसळ, बटाटेवडे, पावभाजी, ढोकळा, इडली, साबुदाणावडे, कांदा-लसूण नसलेलं काहीतरी, नुसतं दूध, दुधाऐवजी चहा, घरून डबा, आणि बारावा, 'काहीही चालेल'. बारा पर्यायांत मतं विखुरली आणि 'काहीही चालेल' सत्तावीस मतांनी विजयी झालं. त्यावर सेक्रेटरींनी "मग बटाटेवडे सांगतो" असं लिहिताच ज्या सत्ताविसांना काहीही चालणार होतं त्यातल्या सात जणांना बटाटेवडे चालेनात. एकाचं पित्त, एकाचं डाएट, एकाचं म्हणणं की वडे ठीक आहेत पण कोणाकडून आणणार ते आधी सांगा. तीन पर्यायांवर पोल ठेवला असता आणि 'काहीही' हा पर्यायच दिला नसता तर दहा मिनिटांत काम झालं असतं. बटाटेवडेच झाले. बी-२०४च्या ताईंच्या सासूबाई म्हणाल्या, "वडे सांगा, ज्याला नको त्याचे दोन मी खाईन," आणि विरोध मावळला.

खरी गरजेची गोष्ट पुढे होती. किती दूध आणायचं?

डेअरीवाल्याला आदल्या दिवशी दुपारपर्यंत आकडा लागतो. कोजागरीच्या दिवशी पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीला म्हशीचं दूध हवं असतं आणि ऐन वेळी कोणी देत नाही. सेक्रेटरींनी आधी 'येणार / नाही येणार / बघतो' असा पोल टाकला. बेचाळीस नंबर 'येणार' म्हणाले. पण बेचाळीस नंबर म्हणजे किती ग्लास? 'बघतो' म्हणणाऱ्यांचं दूध किती मिली धरायचं? ('बघतो' म्हणणारा माणूस हमखास येतो, सगळ्यांत आधी येतो आणि खुर्ची धरून बसतो, हा माझा अनेक वर्षांचा अभ्यास आहे.) तेव्हा सरांनी सुचवलं की 'येणार का' हे विचारूच नका, 'तुमच्या घरातून किती जण' ते विचारा, आणि घरातून एकानेच दाबा. पर्याय: एक, दोन, तीन, चार, पाच किंवा जास्त. सूचना ठळक अक्षरांत लिहिली. ठळक अक्षरं वाचायची नसतात हा आपल्याकडचा नियम आहे.

निकाल असा आला. 'एक'ला सहा मतं, 'दोन'ला पंधरा, 'तीन'ला बारा, 'चार'ला चौदा, 'पाच'ला तीन. गुणाकार करून बेरीज केली तर एकशे त्रेचाळीस माणसं. सेक्रेटरींनी लगेच कॅल्क्युलेटर काढला. माणशी दीडशे मिली धरलं तर साडेएकवीस लिटर तयार दूध लागेल, उकळून आटताना काही जाणार, म्हणजे पंचवीस-सव्वीस लिटर सांगावं लागेल. सर म्हणाले, थांबा. पुन्हा 'View votes', पुन्हा फ्लॅट नंबर. दहा मतं दुबार निघाली. नवऱ्याने 'चार' दाबलं होतं, बायकोनेही 'चार' दाबलं होतं, आणि दोघं मिळून त्याच चौघांची नोंद करत होती. 'दोन'मधली दोन, 'तीन'मधली तीन आणि 'चार'मधली पाच मतं अशी दुबार. म्हणजे चार, नऊ आणि वीस मिळून तेहतीस माणसं कागदावर जास्त होती. एका घरात मात्र नवराबायकोने वेगवेगळं 'एक' दाबलं होतं. प्रत्येकाने आपापलं. ते सरांनी तसंच ठेवलं, कारण तिथे बेरीज बरोबर येत होती, बाकी काय बरोबर आहे ते विचारायचं आपल्याला कारण नाही.

राहिले एकशे दहा. एकोणचाळीस घरं. उरलेल्या नऊ घरांना सरांनी चक्क इंटरकॉम लावला. त्यातली पाच घरं बंद होती, दोघांनी नाही म्हटलं, आणि दोघांनी "बघतो" म्हटलं. त्यांना सरांनी 'येणार'च धरलं, पण सांगून न येणारे साधारण तेवढेच असतात म्हणून आकडा एकशे दहाच ठेवला. दीडशे मिलीप्रमाणे साडेसोळा लिटर, आटण्याचा हिशेब धरून वीस लिटर कच्चं दूध. साखर लिटरला नव्वद ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पावणेदोन किलो, वर लागली तर बघू. बदाम, पिस्ते, चारोळी, वेलची, जायफळ आणि केशर ताईंच्या सासूबाईंच्या अखत्यारीत गेलं, आणि त्या अखत्यारीत पोल चालत नाही.

आता खजिनदारांची ब्रॉडकास्ट लिस्ट.

ग्रुपवर वर्गणी मागितली की वर-खाली गुड मॉर्निंगची फुलं येतात आणि मागणी त्यात बुडते, असा खजिनदारांचा अनुभव होता. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका वेळी २५६ जणांना एकच मेसेज पाठवता येतो, आणि प्रत्येकाला तो खासगी चॅटमध्ये, आपल्यालाच आल्यासारखा मिळतो. खजिनदारांना हे फार आवडलं. त्यांनी अठ्ठेचाळीस फ्लॅटचे अठ्ठेचाळीस नंबर घातले आणि लिहिलं, "नमस्कार. कोजागरीची घरटी वर्गणी रु. ३०० कृपया दोन दिवसांत द्यावी."

पहिला परिणाम असा झाला की ज्यांना मेसेज मिळाला ते दुखावले. आपल्यालाच आल्यासारखा मेसेज म्हणजे आपल्यालाच तगादा. ए-२०३च्या काकू तीनशे रुपये पाकिटात घालून तडक वर गेल्या. "आम्ही कधी वर्गणी बुडवली का हो? मग फक्त आम्हालाच का आठवण?" खजिनदार म्हणाले, सगळ्यांना पाठवलाय. काकूंनी शेजारच्या २०४ला विचारलं, तर त्यांना आलाच नव्हता. झालं! त्या दिवसापासून २०३ आणि खजिनदार यांच्यातलं 'नमस्कार' बंद आहे. जे दुखावले नाहीत त्यांनी उत्तरं लिहिली, आणि ब्रॉडकास्टची उत्तरं ग्रुपवर जात नाहीत, एकेक करून फक्त पाठवणाऱ्याकडे येतात. "दिले." "कोणाकडे?" "तुमच्याच मिसेसकडे." एक आजोबा तर खासगी मेसेज आलेला बघून इतके भारावले की त्यांनी गुडघ्याच्या ऑपरेशनची सविस्तर हकिगत आणि त्यासोबत एक्स-रेचा फोटो पाठवला. खजिनदारांनी हातातली वर्गणी सोडून आधी "काळजी घ्या" लिहिलं.

दुसरा परिणाम चौथ्या दिवशी दिसला. एकोणतीस घरांची वर्गणी आली होती आणि एकोणीस घरं ढिम्म होती. खजिनदार बँकेतले. थकबाकी म्हटली की त्यांच्या अंगात वसुली अधिकारी संचारतो. त्यांनी एकोणीस फ्लॅटची यादी करून 'वर्गणी बाकी' या मथळ्याखाली लिफ्टमध्ये चिकटवली. यादीत चेअरमनही होते.

लिफ्टमध्ये जे व्हायचं ते झालं. शेवटी सेक्रेटरींनी खजिनदारांचा फोन हातात घेऊन तो ब्रॉडकास्ट मेसेज दाबून धरला आणि त्याची माहिती उघडली. तिथे तो कोणाकोणाला पोचला याची यादी असते. यादीत एकोणतीस नावं होती. त्या एकोणिसांपर्यंत मेसेज गेलाच नव्हता. ब्रॉडकास्टचा नियम साधा आहे: ज्यांच्या फोनमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो मिळतो. बाकीच्यांना मिळत नाही, आणि मिळाला नाही हे पाठवणाऱ्याला कोणी येऊन सांगत नाही. तक्रार करायची तर नियमाविरुद्ध करता येत नाही. रस्त्यावरच्या कोणीही उठून हजारो लोकांना प्लॉटच्या जाहिराती पाठवू नयेत म्हणूनच तो आहे. आमचे खजिनदार निवृत्तीनंतर नवा नंबर घेऊन वावरत होते. सोसायटीत त्यांना सगळे ओळखतात, पण 'वरचे बँकवाले काका' म्हणून. ग्रुपवर त्यांच्या नंबरापुढे एक नागमोडी रेघ आणि 'हसते रहो' एवढंच दिसतं. चेअरमन म्हणाले, "अहो, तो हसते रहो तुम्ही होय? मी समजत होतो तो जिमवाला पोरगा आहे."

मग उलट्या क्रमाने काम झालं. आधी ग्रुपवर खजिनदारांचं कॉन्टॅक्ट कार्ड टाकलं आणि 'हा नंबर सेव्ह करा' असं लिहिलं. संध्याकाळी ब्रॉडकास्टवरून नुसतंच "मिळालं तर अंगठा दाखवा" असं पाठवलं. एक्केचाळीस अंगठे आले. जे आले नाहीत त्यांच्या दारावर वॉचमन गेला, वही घेऊन. ही वही कुठून आली ते कोणी विचारलं नाही. ब्रॉडकास्ट चालवायचं तर ही पूर्वतयारी पाहिजेच, आणि मेसेजच्या सुरुवातीला 'सर्व सभासदांस' एवढे दोन शब्द टाकले असते तर २०३शी संबंधही टिकले असते.

इकडे ताईंचं स्टेटस जोरात होतं. रोज सकाळी केशरी रंगाचा चंद्र, खाली 'फक्त ४ दिवस', 'फक्त ३ दिवस'. संध्याकाळी त्या डोळ्याच्या चिन्हावर दाबून कोणी कोणी पाहिलं ते मोजत. चौसष्ट जणांनी पाहिलं होतं. ताई खूश. पण ती नावं वाचली तर सोसायटीतली माणसं जेमतेम एकवीस. बाकीचे म्हणजे ब्लाउज शिवणाऱ्या बाई, दातांचे डॉक्टर, मुलाच्या गणिताच्या क्लासचे सर, जुन्या ऑफिसातल्या चौघी आणि सासर-माहेरचा समग्र गोतावळा. स्टेटस दिसायला दोघांनीही एकमेकांचे नंबर सेव्ह केलेले असावे लागतात. ताईंच्या फोनमध्ये सोसायटी होती, पण सोसायटीच्या फोनमध्ये ताई होत्याच असं नाही. मात्र नातेवाईकांच्या फोनमध्ये त्या नक्कीच होत्या. तेव्हा कोजागरीचं निमंत्रण सोसायटीपेक्षा सोलापूरला जास्त पोचलं. धाकट्या नणंदेने उत्तर लिहिलं, "आम्हाला नाही बोलावलं ते!" नणंदेने असं लिहिल्यावर काय करायचं याचा पर्याय कुठल्याही पोलमध्ये नसतो. नणंद, तिचे यजमान आणि दोन मुलं धरून चार ग्लास वाढले.

पाहिलेल्यांच्या यादीवरून हजेरी धरू नये याचं आणखी एक कारण बी-३०२मध्येच राहतं. सरांनी आपल्या निळ्या टिका बंद ठेवल्यात. त्या बंद असल्या की तुम्ही दुसऱ्याचं स्टेटस पाहिलं तरी तुमचं नाव त्या यादीत येत नाही. सर रोज चंद्र बघत होते आणि ताईंना वाटत होतं की सरांना सांस्कृतिक कार्यक्रमांत रस नाही.

आणि मग वेळेचा घोळ. आधी नऊची वेळ ठरली होती. लहान मुलांची दुसऱ्या दिवशी शाळा म्हणून ती साडेआठ केली. हे ताईंनी रविवारी सकाळी सातला स्टेटसवर टाकलं. स्टेटस चोवीस तास टिकतं. सोमवारी सकाळी सात वाजता ते उडालं, म्हणजे ज्या दिवशी लोक वेळ बघणार होते नेमक्या त्याच दिवशी ती कुठेच नव्हती. सोमवारी दुपारी एकाने ग्रुपवर विचारलं, "नऊ ना?" ताई म्हणाल्या, "साडेआठ. स्टेटसला ठेवलं होतं की." 'नोटीस बोर्डावर लावलं होतं' या वाक्याने आजवर अनेक सेक्रेटरी वाचले, पण नोटीस निदान पावसाने भिजेपर्यंत तरी बोर्डावर असते. शेवटी सरांनी तारीख, वेळ, जागा आणि 'घरून ग्लास आणा' अशा चार ओळी ग्रुपवर लिहून सेक्रेटरींकडून तो मेसेज पिन करून घेतला. पिन एक दिवस, सात दिवस किंवा तीस दिवस ठेवता येतो. सेक्रेटरींनी तीस दिवस ठेवला. दिवाळी होऊन गेली तरी आमच्या ग्रुपच्या डोक्यावर 'ग्लास आणा' होतं.

प्रत्यक्ष कोजागरी मजेत झाली. साडेआठला वडे, नऊला भाड्याच्या मोठ्या पातेल्यात दूध उकळत ठेवलं, साडेनऊला ढगांतून चंद्र आला, त्याला पातेल्यातून दर्शन घडवलं आणि वाटप सुरू झालं. बी-५०१चे भाडेकरू आले, आजींनी दोन गाणी म्हटली. मालक जर्मनीहून व्हिडिओ कॉलवर होते, त्यांचा फोन कोणीतरी पातेल्याशेजारी टेकवून ठेवला होता आणि नंतर विसरला. एकशे सात माणसं आली. मी मोजली नाहीत, वॉचमनने मोजली, जिन्याच्या दारात उभं राहून, वहीत. दूध सगळ्यांना पुरलं, पंधरा-वीस जणांना दुसरा ग्लासही मिळाला. 'बघतो' म्हणणारे दोघं आठ वाजून वीस मिनिटांनीच खुर्च्यांवर होते.

दुसऱ्या दिवशी खजिनदारांनी हिशेब टाकला, यंदा ग्रुपवर, 'सर्व सभासदांस' असं लिहून. एक्केचाळीस घरांचे जमा रुपये १२,३००. खर्च: वडे ५,०००, सुकामेवा आणि केशर १,८००, दूध १,६००, स्पीकर १,५००, पातेलं आणि शेगडी भाडं ९००, ज्यांनी पिन वाचला नाही त्यांच्यासाठी कागदी ग्लास ३००, साखर ९०. एकूण ११,१९०. शिल्लक १,११० रुपये.

या शिलकीचं काय करायचं यावर सेक्रेटरींनी पोल टाकलाय. 'काहीही चालेल' आघाडीवर आहे.